मुलांच्या वापरलेल्या कपड्यांचा लॉट विकताना: नग, माप, दर्जा आणि वजन बिनचूक कसं लिहावं

‘तीन वर्षांच्या मुलीचे कपडे, चांगल्या अवस्थेत, एकत्र विकणे आहे.’ एवढ्या मजकुरावर घेणारी व्यक्ती काहीच ठरवू शकत नाही. किती कपडे, कोणत्या मापाचे, चांगले म्हणजे किती चांगले, आणि पार्सलला खर्च किती येईल, हे चार प्रश्न तिला विचारावेच लागतात. उत्तरं देता देता दोन दिवस जातात आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. म्हणून लॉटच्या जाहिरातीत चार गोष्टी आधीच लिहिलेल्या असाव्यात: नग, माप, दर्जा आणि एकूण वजन. कोकण किनाऱ्यावर या चारांपैकी शेवटच्या दोन गोष्टी सर्वात जास्त फसवतात, कारण इथली हवा कपड्याचा दर्जाही उतरवते आणि वजनही चढवते. पुढची पद्धत रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांना डोळ्यापुढे ठेवून दिली आहे. उदाहरणाला साधारण तीन ते चार वर्षांच्या मुलीच्या कपड्यांचा एकच लॉट शेवटपर्यंत चालवला आहे.

आधी हवामान बघा, मग कपाट उघडा

लॉट बांधायला योग्य काळ दोनच. एक आगोटीच्या आधीचा, म्हणजे मार्च ते मेचा पहिला पंधरवडा. दुसरा पाऊस ओसरल्यावरचा, ऑक्टोबरच्या उन्हापासून पुढे. जून ते सप्टेंबरमध्ये कपडे धुऊन पडवीत दोन-दोन दिवस वाळत घातले तरी ते हाताला कोरडे लागतात, खरे कोरडे नसतात. तसेच घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत बांधले, तर पार्सल पुण्याला पोचेपर्यंत त्यात कोंदट वास भरलेला असतो. पावसाळ्यात लॉट द्यायचाच असेल तर एकच खात्रीचा मार्ग आहे: पंख्याखाली वाळवून प्रत्येक कपड्यावरून गरम इस्त्री फिरवायची आणि तो पूर्ण निवल्यावरच घडी घालायची. गरम कपडा लगेच पिशवीत घातला तर आतली वाफ आतच राहते.

समुद्राजवळच्या घरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. किनाऱ्यालगत उघड्यावर वाळणाऱ्या कपड्यांवर खाऱ्या वाऱ्यातलं मीठ बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पावसाळ्यात इथे आर्द्रता दिवसचे दिवस त्याच्या वरच असते. त्यामुळे धुतलेला कपडा कपाटातही चिकट, ओशट लागत राहतो. असे कपडे विकण्याआधी गोड्या पाण्यातून दोनदा खळबळून काढावेत आणि वाऱ्याच्या तोंडी न टाकता घराच्या आडोशाला, मागच्या अंगणात वाळवावेत.

कपाटात डांबरगोळ्या ठेवल्या असतील तर तेही आधीच बघा. नॅफ्थलीनच्या गोळ्यांची वाफ कपड्यात मुरते. ज्या बाळांमध्ये जी६पीडी हे विकर जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी या वाफेने फुटू शकतात. कोणत्या बाळाला तो दोष आहे हे विकणाऱ्याला कळणं शक्य नाही. म्हणून गोळ्यांच्या वासाचे कपडे धुऊन, तीन-चार दिवस उन्हावाऱ्यात ठेवून, वास पूर्ण गेल्यावरच लॉटमध्ये घ्यावेत. झबली, कुंच्या, दुपटी यांच्या बाबतीत तर वासाचा अंशही चालवून घेऊ नये.

मोजणी: नग म्हणजे काय ते आधी ठरवा

सर्वात जास्त वाद इथे होतात. रात्रीच्या कपड्यांचा एक संच म्हणजे वरचा सदरा आणि खालची पँट. त्याला एक धरायचं की दोन? परकर-पोलक्याचं काय? मोज्यांची जोडी नग आहे का? यातलं काहीही चालेल, पण जे धरलं ते लिहायला हवं. सगळ्यात सरळ नियम असा: अंगावर वेगळा घालता येतो तो एक नग. संचाचे दोन नग, परकर-पोलक्याचे दोन नग. मोजे, टोप्या, रुमाल, आतले कपडे नगांत धरायचेच नाहीत. द्यायचे असतील तर ‘सोबत’ म्हणून वेगळी ओळ लिहावी.

आपल्या उदाहरणातल्या लॉटमध्ये ८ टी-शर्ट, ४ फ्रॉक, ५ अर्ध्या पँटी, १ जीन्स, ३ लेगिंग, रात्रीचे २ संच म्हणजे ४ नग, आणि १ लोकरी स्वेटर निघाला. बेरीज २६. हे सगळं जमिनीवर पसरून मोजा आणि प्रकारवार कागदावर उतरवा. मनातल्या मनात मोजलेला आकडा परत मोजताना नेहमी एकाने चुकतो, आणि तो एकच नग नंतर ‘कमी आला’ म्हणून परत येतो.

माप: लेबलावर विसंबू नका

मुलांच्या कपड्यांवर तीन प्रकारची मापं सापडतात. काहींवर वय असतं, ‘२-३’, ‘३-४’. काहींवर मुलाची उंची सेंटीमीटरमध्ये असते. ९८ म्हणजे ढोबळमानाने दोन ते तीन वर्षं, १०४ म्हणजे तीन ते चार, ११० म्हणजे चार ते पाच. आणि आपल्याकडच्या बाजारातल्या फ्रॉकवर २०, २२, २४ असे नंबर असतात, जे बनवणाऱ्यागणिक बदलतात. एकाचा २२ दुसऱ्याच्या २४ एवढा निघतो. त्यात सुती होजिअरीचे टी-शर्ट धुवून धुवून आखडतात, तेही रुंदीपेक्षा लांबीत जास्त. विकत घेतला तेव्हा चार वर्षांच्या मुलीला बसणारा टी-शर्ट वर्षभराने पोट उघडं टाकतो.

म्हणून लेबल वाचा, पण विश्वास टेपवर ठेवा. कपडा सपाट पसरून सुरकुत्या हाताने काढायच्या, ताणायचा नाही. टी-शर्ट आणि फ्रॉकची दोन मापं पुरतात: एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंतची रुंदी आणि खांद्यापासून खालच्या काठापर्यंतची लांबी. पँटीलाही दोनच: इलॅस्टिक न ताणता कमरेची रुंदी आणि आतल्या शिवणीची लांबी. सगळे पंचवीस-तीस नग मोजायची गरज नाही. प्रत्येक प्रकारातला सर्वात लहान आणि सर्वात मोठा नग मोजा आणि ‘छाती २९ ते ३२ सेंमी, लांबी ३८ ते ४३ सेंमी’ असं लिहा. घेणारी आई घरातला आपल्या मुलीचा टी-शर्ट काढून टेप लावते आणि दोन मिनिटांत ठरवते.

आपल्या लॉटमध्ये स्वेटर सोडून लेबलं अशी निघाली: २-३ ची ५, ३-४ ची १६, ४-५ ची ४. एवढा पसारा चालतो, कारण मधलं माप भरघोस आहे आणि दोन्ही बाजूंचे नग शेजारच्या मापाचेच आहेत. पण एक ते दोनची झबली आणि पाच-सहाचे फ्रॉक एकाच गठ्ठ्यात बांधू नका. एका मुलाला त्यातले निम्मेच बसतात, आणि घेणारा भाव करताना उरलेले निम्मे शून्य किमतीचे धरतो. मापांची अशी दोन टोकं निघाली तर सरळ दोन लॉट करा.

दर्जा: खिडकीशी बसून, एकेक नग

दर्जा ठरवायला दिव्याचा उजेड उपयोगाचा नाही. पिवळसर उजेडात पिवळे डाग दिसतच नाहीत. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी किंवा पडवीच्या कडेला बसा, आणि कपडा एकदा हातभर अंतरावरून, एकदा वीतभर अंतरावरून पाहा. तीन दर्जे पुरतात.

‘अ’ म्हणजे वापरलेला आहे, पण वीतभरावरूनही दोष सापडत नाही. ‘ब’ म्हणजे रंग किंचित उतरला आहे, कापडावर थोडे गोळे आले आहेत, किंवा छापील चित्राला बारीक चिरा आहेत. मात्र हातभर अंतरावरून हे जाणवत नाही आणि कुठेही डाग, भोक, उसवण नाही. ‘क’ म्हणजे हातभर अंतरावरून दिसणारा दोष आहे: फिका डाग, रफू, गुडघ्याला विरलेलं कापड. घरात, अंगणात खेळायला चालेल असा. याच्याखालचं काही लॉटमध्ये घालायचं नाही. त्याचं फडकं करा.

नजर फिरवायच्या जागा ठरलेल्या आहेत. टी-शर्टचा गळा आतून, बगला, पुढचा पोटाचा भाग, कारण सगळं जेवण तिथेच सांडतं. पँटीचे गुडघे, बूड आणि दोन पायांच्या मधली शिवण. फ्रॉकची मागची चेन किंवा बटणं. टिचबटणं आणि चेनचे दात यांना खाऱ्या हवेत गंज धरतो, आणि गंजलेलं टिचबटण आजूबाजूच्या कापडाला तांबूस कडं उठवतं. असा नग दिसायला कितीही नवा असो, ‘क’मध्ये जातो. सैल बटण दिसलं तर घट्ट शिवा किंवा काढून टाका, कारण ते मुलाच्या तोंडात जातं. गळ्याशी लोंबणाऱ्या नाड्याही ओढून काढाव्यात. खेळताना त्या अडकून गळ्याला फास बसू शकतो.

इलॅस्टिक डोळ्यांनी कळत नाही. कंबर दोन्ही हातांत धरून जवळजवळ दुप्पट ताणा आणि कानाशी धरा. कुरकुर असा बारीक आवाज आला, किंवा सोडल्यावर कंबर नागमोडी राहून पूर्ण आत आली नाही, तर आतलं रबर मेलेलं आहे. कपाटात पडून राहिलेल्या पँटींमध्ये हे हमखास होतं. इलॅस्टिक बदलता येतं, पण बदललेलं नसेल तर तो नग ‘क’ आणि सोबत ‘इलॅस्टिक सैल’ अशी नोंद.

इथले डाग आणि त्यांचं काय होतं

काजूच्या बोंडाचा रस हा कोकणातल्या मुलांच्या कपड्यांचा मोठा शत्रू. ओला असताना तो दिसतही नाही. वाळल्यावर तपकिरी होतो आणि मग पक्का बसतो, कारण त्यात टॅनिन असतं. अशा डागावर तेलापासून बनलेल्या साबणाची वडी घासली तर तो आणखी पक्का होतो. ताजा असेल तर भरपूर थंड पाण्याखाली धरून मग डिटर्जंट पावडरीत भिजवावा. मागच्या वर्षीचा असेल तर कष्ट घेऊ नका. तो जात नाही, तो नग ‘क’ आहे.

फणसाचा चीक पाण्यात विरघळत नाही. त्यावर खोबरेल तेल चोळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, चीक सुटा झाला की बोथट सुरीने खरवडायचा, मग तेल काढायला भांड्यांच्या साबणाचं पाणी. घाईत तेल कापडात राहून गेलं तर आठवड्याने तिथे पिवळसर वर्तुळ उमटतं. म्हणून धुतल्यावर कपडा वाळवून उजेडाशी धरून बघा.

जांभ्याची तांबडी माती ओली असताना घासू नये. पूर्ण वाळू द्यावी, ब्रशने झटकावी, मग धुवावी. मातीचा तांबडेपणा लोहाचा आहे, म्हणून तिच्यावर क्लोरीनचं ब्लीच कधीही टाकू नका. लोहाचा डाग त्याने जात नाही, उलट गडद होतो. पांढऱ्या सुती कपड्यावर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवल्याने तो फिका पडतो. रंगीत कपड्यावर हा प्रयोग आधी आतल्या शिवणीवर करून बघावा, कारण लिंबाने रंगही उडतो.

बुरशीचे काळे ठिपके मात्र दर्जाचा निकाल लावतात. पांढरट भुरी असेल तर घराबाहेर ब्रशने झटकून, गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवली की जाते. काळे, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके धाग्यात शिरलेले असतात. बुरशी मेली तरी रंग राहतो. असा एक कपडा ‘क’ म्हणूनही लॉटमध्ये नको, कारण त्यात जीव शिल्लक असेल तर दमट पिशवीत तो शेजारच्या चांगल्या कपड्यांवर पसरतो.

डोळ्यांना न दिसणारी बुरशी ओळखायला सोपी चाचणी आहे. शंका असलेले चार-पाच कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि पिशवी तासभर उन्हात ठेवा. मग पिशवी उघडल्याबरोबर नाक आत घाला. गरम झाल्यावर कोंदट वास ठळक होतो आणि कपाटात न जाणवलेली गोष्ट तिथे पकडली जाते. पार्सल टेम्पोत आणि गोदामात तापतं तेव्हा नेमकं हेच घडत असतं. घेणाऱ्याच्या नाकाला जे जाणवणार आहे ते आधी आपल्या नाकाला जाणवलेलं बरं.

आपल्या उदाहरणात टी-शर्ट ३ अ, ४ ब, १ क. फ्रॉक ३ अ, १ ब. अर्ध्या पँटी २ अ, २ ब, १ क. जीन्स अ, लेगिंग २ ब, १ क. रात्रीच्या संचांचे २ अ, १ ब, १ क. स्वेटर सोडून ११ अ, १० ब, ४ क, एकूण २५. हे तीन आकडे जाहिरातीत जसेच्या तसे जातात. ‘सरासरी ब दर्जा’ असं कधी लिहू नये. चार ‘क’ नग सरासरीत लपतात, पण घेणारी पिशवी उघडते तेव्हा पहिल्यांदा तेच हाती लागतात.

वजन: कोरडं, निव्वळ, तारखेसह

वजन दोन कामांसाठी लागतं. एक म्हणजे पोस्टाचा किंवा कुरिअरचा खर्च काढायला. दुसरं कमी लोकांच्या लक्षात येतं: वजन आणि नग एकमेकांची साक्ष देतात. तीन-चार वर्षांच्या मापाचा सुती टी-शर्ट साधारण १०० ग्रॅम भरतो, फ्रॉक १४०, अर्धी पँट ९०-९५, लेगिंग ९०, जीन्स २४० च्या आसपास. म्हणजे मिश्र लॉटमध्ये नगामागे ११० ते १२० ग्रॅम यावेत. कोणी ‘याच मापाचे २५ नग, वजन दीड किलो’ लिहिलं, तर नगामागे ६० ग्रॅमच पडतात. त्यात बनियन, चड्ड्या, मोजे मोजलेले असणार, किंवा कपडे अगदी झिरझिरीत असणार. जाणकार घेणारे हा भागाकार करतातच.

स्वयंपाकघरातला ५ किंवा १० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. आधी त्याची परीक्षा घ्या: न फोडलेली १ किलो मिठाची पिशवी ठेवा. काटा १ किलो आणि वेष्टनाचे चार-पाच ग्रॅम दाखवतो की नाही ते बघा. वीस-तीस ग्रॅमचा फरक असेल तर सेल बदलून पुन्हा बघा. तरीही फरक राहिला तर नाक्यावरच्या किराणा दुकानात वजन करून घ्या. मासळी तोलायचा हातात धरायचा स्प्रिंगचा ताणकाटा या कामाला नको. त्याची रेघ शंभर ग्रॅमच्या मागेपुढे सहज वाचली जाते.

कपडे पातळ कापडी पिशवीत भरून काट्यावर ठेवा, मग रिकामी पिशवी तोलून वजा करा. पूर्ण कपाट-भर गठ्ठा एकदम काट्यावर मावत नसेल तर दोन भागांत तोला. उदाहरणातले ८ टी-शर्ट ८००, ४ फ्रॉक ५६०, ५ अर्ध्या पँटी ४७५, जीन्स आणि लेगिंग मिळून ५१०, रात्रीचे संच ४२०, स्वेटर २६० ग्रॅम. एकूण ३ किलो २५ ग्रॅम.

आता हवेचा भाग. सुती धागा हवेतलं पाणी सतत घेत-सोडत असतो. ६५ टक्के आर्द्रतेत तो स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी धरून असतो, ९० टक्क्यांच्या आसपास तेच १२ ते १४ टक्क्यांवर जातं. पॉलिएस्टर मात्र जवळजवळ काहीच घेत नाही. त्यामुळे साधारण अडीच किलो सुती कपड्यांचं वजन एप्रिलमध्ये आणि जुलैमध्ये १०० ग्रॅमने वेगळं येतं, नग एकही न वाढता. यात कोणाची फसवणूक नाही. पण आंबोलीच्या घाटावरून वर गेलेलं पार्सल कोरड्या हवेत आठवडाभर राहिलं की तिथे ते कमी भरतं, आणि ‘एखादा कपडा काढून घेतला’ असा संशय येतो. म्हणून वजनासोबत तारीख आणि ‘उन्हात वाळवून, पिशवीशिवाय’ हे शब्द लिहा, आणि आकडा ५० ग्रॅमच्या खालच्या टप्प्यावर आणा.

वजनाच्या टप्प्यासाठी एक नग काढणं

स्पीड पोस्टचा दर ५०० ग्रॅमच्या टप्प्याने वाढतो. टप्प्याच्या वर एक ग्रॅम गेला तरी पुढच्या टप्प्याचे पैसे पडतात. आपल्या लॉटचं निव्वळ वजन ३०२५ ग्रॅम. आतली प्लास्टिकची पिशवी, बाहेरचं विणलेल्या पोत्याचं कापड, दोरा आणि पत्त्याची चिठ्ठी मिळून ९० ग्रॅम. एकूण ३११५, म्हणजे पैसे साडेतीन किलोचे. स्वेटर काढला की निव्वळ २७६५ आणि बांधलेलं २८५५. आता तीन किलोच्या आत बसलं, आणि पावसाळी हवेचे १०० ग्रॅम चढले तरी २९५५ वर थांबेल. स्वेटर किनाऱ्यावर कोणाला फारसा लागत नाही. घाटावरच्या कोणाला तो वेगळा विकला तर त्याचे पैसेही सुटे मिळतात. जाहिरातीत वजन २ किलो ७५० ग्रॅम लिहावं.

खाजगी कुरिअरवाले आणखी एक हिशेब लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेक जण ५००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर तोच धरतात. कपडे सैल भरून पार्सल ४० × ३० × १५ झालं तर हिशेब ३.६ किलोचा येतो. तेच कपडे गुंडाळ्या करून दाबून बसवले, जाडी १२ सेंटीमीटरवर आणली, की २.८८ किलो. हवा काढायला व्हॅक्यूम पिशवीची गरज नाही. पिशवीवर गुडघा टेकवून तोंडातून हवा बाहेर काढायची आणि चिकटपट्टी लावायची. कपडे पूर्ण कोरडे असतील तरच हे करा.

चिपळूण, कणकवली, सावंतवाडी अशा जवळच्या गावांत एसटीच्या पार्सलने किंवा स्टँडवर हातोहात देणं स्वस्त पडतं. मुंबईचं गिऱ्हाईक असेल तर मे महिन्यात किंवा गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांबरोबर गठ्ठा जातो. त्यासाठी त्यांच्या परतीच्या तारखेच्या दोन दिवस आधी तो बांधून तयार हवा, कारण शेवटच्या दिवशी त्यांच्या सामानात नारळ, आमसुलं आणि कडधान्यांपुढे कपड्यांना जागा उरत नाही.

फोटो आणि मजकूर

साधी एकरंगी चादर पसरून पाच ओळी, प्रत्येकी पाच नग, असे २५ नग मांडा आणि वरून एक फोटो काढा. असं मांडल्याने घेणाऱ्याला फोटोतच नग मोजता येतात. दुसरा फोटो फक्त चार ‘क’ नगांचा, दोषावर बोट ठेवून, उजेडात. हा फोटो पाहून काही लोक मागे फिरतात. जे थांबतात ते नंतर तक्रार करत नाहीत.

भाव काढताना नगाचा भाव दर्जानुसार धरावा. उदाहरणादाखल अ ला ६०, ब ला ३५, क ला १० रुपये धरले तर ६६० + ३५० + ४०, म्हणजे १०५० होतात. सगळा गठ्ठा एकत्र घेणाऱ्याला काही सूट द्यावी लागते, म्हणून ९०० रुपये सांगा आणि टपालखर्च वेगळा ठेवा. किलोवर भाव लावू नका. तसं केलं तर जीन्स महाग आणि सुंदर हलका फ्रॉक स्वस्त पडतो, आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक हवेतल्या पाण्याचेही पैसे देतं.

मजकूर असा होईल:

> मुलीचे वापरलेले कपडे, एकत्र लॉट. २५ नग (संचाचे दोन नग धरले आहेत).
> टी-शर्ट ८, फ्रॉक ४, अर्ध्या पँटी ५, जीन्स १, लेगिंग ३, रात्रीचे संच २ (४ नग).
> लेबल: २-३ वर्षे ५, ३-४ वर्षे १६, ४-५ वर्षे ४. टी-शर्टची छाती २९–३२ सेंमी, लांबी ३८–४३ सेंमी.
> दर्जा: अ ११ (दोष नाही), ब १० (रंग किंचित उतरलेला), क ४ (टी-शर्टवर काजूचा फिका डाग, अर्ध्या पँटीचं इलॅस्टिक सैल, लेगिंगचा गुडघा विरलेला, रात्रीच्या सदऱ्याला रफू).
> निव्वळ वजन २ किलो ७५० ग्रॅम, १२ एप्रिल रोजी उन्हात वाळवून, पिशवीशिवाय. बांधलेलं पार्सल ३ किलोच्या आत.
> डांबरगोळ्या वापरलेल्या नाहीत. सुटे नग देणार नाही.
> ९०० रुपये, टपालखर्च वेगळा.

शेवटच्या दोन ओळींपैकी ‘सुटे नग देणार नाही’ ही ओळ गाळू नका. ती नसेल तर तीन ‘अ’ फ्रॉक पहिल्या तासात मागितले जातात, आणि ते दिले की उरलेल्या २२ नगांना कोणी विचारत नाही. वर माप, दर्जा, वजन सगळं पुन्हा लिहावं लागतं.

गठ्ठा बांधताना प्रकारवार मोजणीचा कागद आत वरच ठेवा आणि त्याचा फोटो काढून घ्या. काट्यावर बांधलेलं पार्सल ठेवून आकड्यासह आणखी एक फोटो. पोस्टाच्या पावतीवरही वजन छापून येतं. पुढे ‘दोन टी-शर्ट कमी आले’ असा निरोप आला, तर पावतीवरचं वजन आणि आपला फोटो जुळवून बघा. दोन टी-शर्ट म्हणजे २०० ग्रॅम. पावती २८५० च्या आसपास दाखवत असेल तर कपडे घरातून पूर्ण निघाले आहेत, आणि घेणाऱ्याने आता पार्सल तसंच तोलून बघायला हवं. पावती २६५० दाखवत असेल तर मुकाट्याने कपाट उघडा. ते दोन टी-शर्ट बहुतेक इस्त्रीच्या टेबलावरच राहिलेले असतात, आणि पुढच्या टपालाने ते आपल्या खर्चाने पाठवायचे.